गुळाचा चहा शुगरवाल्यांना चालतो का? आणि दातांना तरी बरा असतो का?

मार्कंडा (ता. चामोर्शी) : महाशिवरात्रीला वैनगंगेत आंघोळ झाली, मार्कंडेश्वराचं दर्शन झालं की पाय आपोआप चहाकडे वळतात. त्या दिवशी उपवास असतो. पोट रिकामं असतं, त्यामुळे दिवसभरात चार-पाच चहा सहज होतात. शुगर असलेला माणूस मग चहावाल्याला सांगतो, "भाऊ, साखर नको, गूळ टाक." आपण पथ्य पाळलं असं त्याला वाटतं. घरीही तेच चाललेलं असतं. साखरेचा डबा वर ठेवायचा आणि गुळाचा खाली आणायचा.

हा समज गावातच नाही, शहरातही आहे. गेल्या काही वर्षांत राज्यभर गुळाच्या चहाची दुकानं निघाली आणि गूळ म्हणजे औषधच असं बोललं जाऊ लागलं. खरं काय ते या लेखात पाहू. उत्तर आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचलं नाही तरी चुकणार नाही. रक्तातल्या साखरेसाठी गूळ आणि साखर जवळपास सारखेच आहेत. दातांसाठीही सारखेच आहेत. फरक पडतो तो किती टाकलं आणि दिवसातून किती वेळा प्यालं यामुळे.

गुळात नेमकं काय असतं?

साखर आणि गूळ दोन्ही उसाच्या रसापासून होतात. कारखान्यात रस साफ करून त्याचे दाणे पाडतात आणि काळी मळी वेगळी काढतात. गुऱ्हाळात रस कढईत आटवतात, मळी वेगळी काढत नाहीत आणि सगळं मिळून ढेप पाडतात. म्हणून गुळाला रंग असतो, वास असतो, थोडी खारट-तुरट चव असते आणि थोडं लोह, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं.

पण गुळाचा मोठा भाग साखरच असतो. चांगल्या कोरड्या गुळाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 85 ग्रॅम साखर धरायला हरकत नाही. उरलेल्यात पाणी, क्षार आणि बारीकसारीक घटक येतात. गुळातली बरीचशी साखर ही आपल्या डब्यातलीच साखर असते. थोडा भाग आटवताना आधीच फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो.

हे समजून घ्यायला हवं. साखर पोटात गेली की आतड्यात तिचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि दुसरा फ्रुक्टोज. हे काम काही मिनिटांत होतं आणि ग्लुकोज रक्तात शिरतं. गुळातली साखरही त्याच आतड्यात, त्याच पद्धतीनं फुटते. गुळाचा काही भाग तर आधीच फुटलेला असतो, म्हणजे शरीराचं तेवढं काम वाचलं. गुळात रक्तात जाण्याचा वेग कमी करणारा चोथा नसतो. डाळ, भाजी किंवा आख्खं फळ खाल्लं तर साखर हळू चढते. गुळाच्या चहात असं अडवणारं काहीच नाही.

याचा पुरावा शुगरच्या रुग्णांच्या घरात रोजच दिसतो. गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण राहिलं आणि घाम सुटला, हातपाय कापायला लागले, तर घरातली बाई पटकन गुळाचा खडा देते. दहा-पंधरा मिनिटांत माणूस सावरतो. म्हणजे गूळ रक्तातली साखर किती लवकर वाढवतो ते तिला चांगलं ठाऊक असतं. तोच गूळ चहातून गेला की तो अचानक संथ कसा होईल?

एका घराचा हिशोब करून पाहू

समजा, मार्कंड्यातले 52 वर्षांचे एक काका आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली. दिवसाला पाच चहा. आधी प्रत्येक कपात दोन सपाट चमचे साखर असायची. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम साखर. कपाला 10 ग्रॅम, पाच कपांना 50 ग्रॅम.

कुणीतरी सांगितलं म्हणून काकूंनी गूळ सुरू केला. आता गोम इथे आहे. गूळ वजनाला साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागतो, कारण त्यात पाणी आणि क्षार असतात. तेवढीच गोडी यायला गूळ जास्त टाकावा लागतो. समजा कपाला 12 ग्रॅम गेला. पाच कपांना 60 ग्रॅम गूळ झाला. त्यात साखर किती? 100 मध्ये 85 या हिशोबानं 51 ग्रॅम. आधी 50 होती, आता 51. नाव बदललं, साखर तिथेच राहिली.

यात आणखी एक चूक मिसळते. साखर चमच्यानं मोजली जाते. गूळ हातानं फोडला जातो. आज सुपारीएवढा खडा पडतो, उद्या लिंबाएवढा. वर "गूळच तर आहे" म्हणून हात सैल सुटतो. काका पाचच्या जागी सहा चहा घेऊ लागले, तर गुळामुळे त्यांची साखर वाढली असं म्हणावं लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली. दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ती असावी, पाच टक्क्यांच्या आत असली तर अधिक चांगलं. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होतं. ही मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी आहे, शुगरच्या रुग्णानं त्याहून कमीवर राहावं. आणि या मर्यादेत गूळही धरायचा, मधही धरायचा. गोड पदार्थ, बिस्किटं, थंड पेयं वेगळीच. काकांचा तर नुसता चहाच 50 वर पोचला.

आपल्या घराचा हिशोब काढायचा असेल तर सोपा आहे. महिन्याला घरात साखर आणि गूळ मिळून किती किलो लागतो ते पाहा. पाच माणसांच्या घरात महिन्याला 5 किलो लागत असेल तर 5000 ग्रॅमला आधी पाचनं आणि मग तीसनं भागा. माणशी रोजचे 33 ग्रॅम निघतात. बाहेर टपरीवर प्यालेला चहा यात आलेलाच नाही.

"पण गुळानं रक्त वाढतं ना?"

हा प्रश्न बायका जास्त विचारतात आणि तो रास्त आहे. गुळात लोह असतं, हे खरं. भारतीय अन्नपदार्थांच्या तक्त्यात 100 ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह दिलेलं आहे. म्हणजे एका कपातल्या 10 ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ धरतात. ही गरज गुळातून भागवायची म्हटली तर अर्धा किलोहून जास्त गूळ रोज खावा लागेल.

शिवाय चहातला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, लोहाला धरून ठेवतो आणि ते अंगाला लागू देत नाही. त्यामुळे जे थोडं लोह गुळात होतं, त्यातलं बरंचसं चहातच वाया जातं. याच कारणामुळे आशाताई लोहाच्या गोळ्या देताना चहासोबत घेऊ नका म्हणून सांगतात. गोळी आणि चहा यांत निदान एक-दोन तासांचं अंतर ठेवावं. आपल्या भागात सिकलसेलही आहे. त्यात रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं, ते गुळानं भरून निघत नाही. तेव्हा रक्त कमी निघालं तर गूळ वाढवण्याआधी तपासणी करून घ्यावी.

"मला तर गुळानं फरक पडला!"

असं सांगणारे गावात भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण फरक कशानं पडला ते शोधावं लागतं. बहुतेक वेळा गुळाबरोबर आणखी काहीतरी बदललेलं असतं. डॉक्टरनं गोळी सुरू केलेली असते, चहाचे कप कमी झालेले असतात किंवा बिस्किट सुटलेलं असतं. श्रेय मात्र गुळाला जातं.

दुसरं कारण तपासणीच्या वेळेचं असतं. सकाळी उपाशीपोटी शुगर तपासली तर कालच्या चहाचा परिणाम त्यात सरळ दिसत नाही. चहाचा परिणाम पाहायचा तर चहा प्यायल्यानंतर तास-दीड तासानं पाहावा लागतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतःच करून बघा. एक दिवस सकाळी उपाशीपोटी शुगर मोजा, मग 10 ग्रॅम साखरेचा चहा प्या आणि तासाभरानं पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच कपात, 12 ग्रॅम गुळाचा चहा घेऊन तेच करा. मधल्या तासात काही खायचं नाही, कामालाही लागायचं नाही. दोन्ही दिवशी आकडा किती चढला ते पाहा. घरच्या मशीनचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, म्हणून पाच-दहाच्या फरकाला अर्थ नसतो. ज्यांची शुगर आधीच खूप चढलेली आहे त्यांनी हा प्रयोग करू नये.

एक काळजी मात्र घ्या. बोट टोचण्याआधी हात साबणानं धुवून कोरडे करा. नुकताच गूळ फोडलेला असेल तर बोटाला त्याचा चिकटा राहतो, तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मशीन भलताच मोठा आकडा दाखवते. अशा आकड्यावर घाबरून कुणी गोळी वाढवू नये.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी चांगली असते. पण सिकलसेलच्या रुग्णांत ती फसवू शकते. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि शुगर ताब्यात आहे असं वाटतं. सिकलसेलचे वाहक असतील त्यांच्यातही काही पद्धतींच्या मशीनवर आकडा चुकतो. घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा माणसासाठी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची तपासणी जास्त भरवशाची असते.

दातांचं काय?

दात साखरेनं थेट किडत नाहीत. तोंडात जंतू असतात, ते दातांवर पातळ चिकट थर करून बसतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या कडक वरच्या थरातून खनिज काढून घेतं. अर्धा-पाऊण तासात लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि थोडी झीज भरूनही देते. पण तेवढ्यात दुसरा गोड चहा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसभर असंच चाललं तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही आणि दातात खड्डा पडतो.

हे जंतू गूळ आणि साखर असा भेद करत नाहीत. दोन्हींतली साखर त्यांना सारखीच चालते. गुळातल्या थोड्याशा कॅल्शियमनं दात वाचतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

दातांसाठी किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. हे स्वीडनमधल्या विपेहोम या संस्थेत 1945 ते 1953 या काळात झालेल्या मोठ्या प्रयोगातून दिसलं. तिथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे गोड दिलं गेलं. त्यांना न विचारता केलेला तो प्रयोग आज कुठेच करू दिला जाणार नाही, पण त्यातून दोन गोष्टी कळल्या. जेवणासोबत गोड खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. जेवणाच्या मध्ये वारंवार चिकट गोळ्या खाणाऱ्यांचे दात भराभर किडले.

याचा आपल्या चहाशी संबंध असा. चहातला विरघळलेला गूळ गिळला जातो आणि तोंडातून लवकर जातो. पण नुसता गुळाचा खडा तोंडात धरून वर कोरा चहा पिण्याची सवय असेल, तर तो चिकट गूळ दाढांच्या फटीत बसून राहतो. दातांसाठी ही सवय जास्त वाईट. तसंच एकच कप पुढ्यात ठेवून तासभर घोट घोट पिणं वाईट. पाच मिनिटांत संपवलेला कप त्यापेक्षा बरा.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष जपावं. दुधाच्या बाटलीत गूळ किंवा साखर घालून ती बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवलं, की वरचे पुढचे दात काळे पडून झिजतात. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोड दूध रात्रभर दातांवर राहतं. मोठ्यांनाही रात्री ब्रश केल्यावर गोड चहा नको, तो याच कारणानं.

आणि शुगर असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. शुगर चढलेली राहिली तर हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलायला लागतात. हिरड्यांचा आजार वाढला तर शुगर ताब्यात ठेवणंही अवघड जातं. वरून खर्राही असेल तर हिरड्यांचं नुकसान आणखी वाढतं. हिरडीतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरला दाखवा आणि शुगरही तपासून घ्या.

मग करायचं काय?

चहा सोडा असं कुणी सांगितलं तर आपल्याकडे कुणी ऐकणार नाही आणि त्याची गरजही नाही. त्या काकांचंच उदाहरण घेऊ. काकूंनी दुकानातून 100 ग्रॅम गूळ मोजून आणला आणि विळीवर त्याचे सारखे वीस तुकडे केले. प्रत्येक तुकडा 5 ग्रॅमचा झाला. आता अंदाज उरला नाही. पहिल्या आठवड्यात काका कपाला दोन तुकडे घेतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दीड, चौथ्यापासून एक. जीभ हळूहळू सरावते. एकदम बंद केलं तर माणूस चार दिवसांत परत जुन्यावर येतो.

त्याचबरोबर पाचचे तीन कप केले. आता दिवसाला तीन तुकडे, म्हणजे 15 ग्रॅम गूळ. त्यात साखर 13 ग्रॅमच्या आसपास. कुठे 51 आणि कुठे 13. हा फरक कप आणि तुकडे कमी केल्यानं पडला, साखरेनं केलं असतं तरी एवढाच पडला असता. पुढे जमलं तर बिनगोडाचा, आलं-वेलची किंवा गवती चहा टाकलेला कप सर्वांत चांगला. तीन कपांपैकी दोन न्याहारी-जेवणाच्या वेळेजवळ घेतले तर दातांनाही आराम मिळतो. चहानंतर साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरावी आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश करावा.

गुळाच्या चहात दूध फाटतं ही तक्रार नेहमीची आहे. गूळ थोडा आंबट असतो, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध नासतं. चहा उकळून गॅस बंद करावा किंवा चुलीवरून भांडं उतरवावं, एक-दोन मिनिटं थांबून मग गूळ घालून ढवळावं. फार पिवळा, पांढरट, चकचकीत गूळ बघून भुलू नये. रंग उजळ करायला त्यात रसायनं टाकलेली असू शकतात. तपकिरी गूळ दिसायला साधा असला तरी घ्यायला हरकत नाही. पण साखर दोन्हींत तेवढीच आहे.

या लोकांनी जपून

इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे यांनी गोड एकदम बंद करून, वर जेवणही कमी करून चालणार नाही. शुगर खाली घसरू शकते. रोवणीच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा महाशिवरात्रीच्या उपवासात हा धोका वाढतो, कारण मेहनत जास्त आणि पोट रिकामं. उपवास करायचा असेल तर गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी गोळी आणि मधूनमधून गुळाचा चहा ही जोडी शुगरला वर-खाली झोके देते.

घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मशीनवर आकडा 70 च्या खाली असला, तर मात्र गूळ औषधासारखा वापरायचा. 15 ग्रॅम म्हणजे वरचे तीन तुकडे, किंवा तीन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच द्यावं, मग जेवण द्यावं. मशीन नसेल तर लक्षणांवरून द्यावं, वाट बघू नये. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. 108 ला फोन करा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी शुगर तपासून घ्यावी. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते, आशाताईला विचारा. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करावी लागते. 100 ते 125 मध्ये आली तर ती इशारा देते आहे असं समजा. त्या वेळी डबा बदलू नका, चमचा लहान करा.